थायरॉईडच्या गाठीचा सोनोग्राफी रिपोर्ट कसा वाचावा आणि सुईची तपासणी केव्हा लागते

थायरॉईडच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट हातात पडला की बहुतेक जण शेवटची ओळ आधी वाचतात. तिथे ‘टिरॅड्स ४’ असे लिहिलेले दिसते आणि घरात कोणीतरी ‘चौथ्या टप्प्याचा कर्करोग’ असा त्याचा अर्थ लावून मोकळे होते. सोनोग्राफीच्या यंत्रासमोर रोज बसणाऱ्या माणसाला हा गैरसमज आठवड्यातून दोन-तीनदा दूर करावा लागतो. नेमकी उलटी चूकही मी तितक्याच वेळा पाहतो. गाठ लहान आहे, दुखत नाही, थायरॉईडचे काम दाखवणारी टीएसएच ही रक्ताची चाचणी नॉर्मल आहे, म्हणून रिपोर्ट कपाटात जातो आणि ज्या गाठीची सुईने तपासणी व्हायला हवी होती ती तशीच राहते.

टिरॅड्सचा आकडा कर्करोगाचा टप्पा सांगत नाही. गाठ पडद्यावर कशी दिसते यावरून ती किती संशयास्पद आहे, एवढेच तो सांगतो. सुईची तपासणी, म्हणजे एफएनएसी, करायची की नाही हे हा संशय आणि गाठीचे माप या दोन्हींवर मिळून ठरते. पुढे दिलेल्या पायऱ्या अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या गुणपद्धतीवर आधारलेल्या आहेत. आपला रिपोर्ट समोर ठेवून त्या क्रमानेच वाचाव्यात, कारण बहुतेक गोंधळ क्रम चुकल्यामुळेच होतो.

## पायरी १ : गुण मोजण्याआधीची तयारी

सर्वप्रथम टीएसएचचा अलीकडचा रिपोर्ट जवळ ठेवावा. टीएसएच नॉर्मल आहे म्हणून गाठ निर्धोक ठरत नाही, कारण थायरॉईडचा कर्करोग झालेल्या बहुतेक रुग्णांचे टीएसएच नॉर्मलच असते. मात्र टीएसएच सामान्य पातळीच्या खाली असेल तर गाठ स्वतःच हार्मोन तयार करत असण्याची शक्यता असते. अशा वेळी आधी थायरॉईडचा न्यूक्लिअर स्कॅन सुचवला जातो. त्या स्कॅनमध्ये जी गाठ ‘हॉट’ दिसते, म्हणजे स्कॅनसाठी दिलेले किरणोत्सारी औषध जास्त शोषून घेते, ती कर्करोगाची असण्याची शक्यता फारच कमी असते आणि तिच्यात सहसा सुई घालावी लागत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे जुने रिपोर्ट, आणि शक्य असेल तर नुसता कागद न नेता चित्रांसह न्यावेत. गाठ वाढली की नाही हे जुन्या मापांशिवाय कोणालाही सांगता येत नाही. तिसरी गोष्ट डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता आपणहून सांगावी : लहानपणी मानेवर किंवा डोक्यावर रेडिएशनचे उपचार झाले होते का, जवळच्या नात्यात कोणाला थायरॉईडचा कर्करोग झाला आहे का, आवाज काही आठवड्यांपासून बसलेला आहे का, गाठ थोड्या काळात झपाट्याने वाढली आहे का. सोनोग्राफीसाठी उपाशी राहण्याची गरज नसते. गळ्यातले दागिने काढावेत आणि मान पूर्ण मोकळी राहील असे कपडे घालावेत, इतके पुरेसे आहे.

## पायरी २ : रिपोर्टमध्ये आवश्यक माहिती आहे का ते पाहा

‘उजव्या लोबमध्ये गाठ आहे, टिरॅड्स ४’ एवढ्यावर संपणारा रिपोर्ट निर्णय घेण्यासाठी अपुरा असतो. प्रत्येक महत्त्वाच्या गाठीची लांबी, रुंदी आणि खोली अशी तीन मापे लागतात, ती थायरॉईडच्या कोणत्या भागात आहे ते लागते, आणि पुढील पायरीतली पाच वैशिष्ट्ये स्पष्ट लिहिलेली लागतात. मानेतल्या लसिका ग्रंथींबद्दलही एक वाक्य असायला हवे. यांपैकी काही नसेल तर ज्यांनी सोनोग्राफी केली त्यांच्याकडे परत जाऊन ते लिहून मागावे. त्यात संकोच करण्यासारखे काही नाही, कारण चित्रे साठवलेली असतात आणि पुष्कळदा नव्याने तपासणी न करताही रिपोर्ट पूर्ण करता येतो.

सावधान : टिरॅड्स या एकाच नावाच्या अनेक पद्धती जगात चालतात. अमेरिकी, युरोपीय आणि कोरियन पद्धतींत आकडे सारखे दिसले तरी त्यांचे अर्थ आणि मापांच्या मर्यादा वेगळ्या आहेत. अमेरिकी पद्धतीत ‘३’ या गटातल्या गाठीला २५ मिलिमीटरपासून सुई सुचवतात, तर युरोपीय पद्धतीत त्याच आकड्याला २० मिलिमीटरच्या पुढे. दोन केंद्रांचे रिपोर्ट शेजारी ठेवून तुलना करण्याआधी दोघांनी एकच पद्धत वापरली आहे का, हे विचारून घ्यावे.

## पायरी ३ : पाच वैशिष्ट्यांचे गुण एकेक करून मांडा

पहिले वैशिष्ट्य, गाठीची घडण. गाठ पूर्णपणे किंवा जवळजवळ पूर्णपणे पाण्याची असेल तर ० गुण. स्पंजासारखी, म्हणजे अर्ध्याहून अधिक भाग बारीक बारीक पोकळ्यांनी भरलेला असेल, तरीही ०, आणि अशा गाठीचे पुढचे गुण मोजायचेच नाहीत. काही भाग पाणी आणि काही भाग घट्ट असेल तर १. पूर्ण घट्ट, ज्याला रिपोर्टमध्ये सॉलिड म्हणतात, त्याला २.

दुसरे, गाठीची छटा. शेजारच्या थायरॉईडपेक्षा गाठ उजळ किंवा तितकीच राखाडी दिसत असेल तर १ गुण (हायपरएकोइक, आयसोएकोइक). थायरॉईडपेक्षा गडद असेल तर २, म्हणजे हायपोएकोइक. मानेच्या पुढच्या बाजूला थायरॉईडवर पसरलेल्या पातळ स्नायूंपेक्षाही गडद असेल तर ३. निव्वळ पाण्याच्या गाठीला ०. मिश्र गाठीत छटा फक्त घट्ट भागाची पाहायची असते.

तिसरे, आकार. येथे सर्वाधिक चुका होतात. चित्र मानेच्या आडव्या छेदात घेतलेले असते, आणि त्या एकाच चित्रात गाठीची त्वचेकडून पाठीकडे जाणारी खोली तिच्या आडव्या रुंदीपेक्षा जास्त असेल, तर गाठ ‘रुंदीपेक्षा उंच’ मानली जाते आणि तिला एकदम ३ गुण मिळतात. निर्धोक गाठी सहसा ऊतींच्या थरांना धरून आडव्या पसरतात. थर ओलांडून खोलीच्या दिशेने वाढणारी गाठ म्हणून अधिक संशयाची ठरते. लोक मात्र रिपोर्टमधले सर्वांत मोठे माप, म्हणजे बहुधा वरून खालची लांबी, ‘उंची’ समजून घेतात आणि निष्कारण घाबरतात. लांबीचा या गुणाशी काहीही संबंध नाही.

चौथे, कडा. कडा गुळगुळीत असेल तर ०, आणि नीट ओळखू न येणारी, पुसट असेल तरीही ०. कडेला फुगवटे, टोके किंवा दातेरीपणा असेल तर २. गाठ थायरॉईडचे आवरण ओलांडून बाहेरच्या ऊतीत शिरलेली स्पष्ट दिसत असेल तर ३. ‘पुसट’ आणि ‘अनियमित’ हे दोन शब्द रिपोर्ट वाचताना एकाच अर्थाने घेतले जातात, पण गुणांत त्यांच्यात दोनचे अंतर आहे.

पाचवे, गाठीतले चमकदार ठिपके. ठिपके नसतील तर ०. मागे सावली टाकणारे मोठे कॅल्शियमचे खडे असतील तर १, गाठीच्या कडेने कॅल्शियमचे कडे असेल तर २, आणि सावली न टाकणारे सुईच्या टोकाएवढे ठिपके असतील तर ३. यांतले एकाहून अधिक प्रकार एकाच गाठीत असतील तर त्यांचे गुण एकत्र मिळवतात. बाकीच्या चार वैशिष्ट्यांत मात्र प्रत्येकी एकच उत्तर निवडायचे असते.

या ठिपक्यांबाबत थोडे थांबून सांगायला हवे. पाण्याच्या पोकळीत कोलॉइडचा, म्हणजे थायरॉईडमधल्या चिकट द्रवाचा, दाट कण असला की पडद्यावर एक उजळ ठिपका दिसतो आणि त्याच्या मागे निमुळती होत जाणारी शेपटी दिसते, जणू लहानसा धूमकेतूच. ही शेपटी एक मिलिमीटरहून लांब असेल तर तो ठिपका ० गुणांचा, निर्धोक असतो. घट्ट गाठीच्या पोटात विखुरलेले, शेपटी नसलेले बारीक ठिपके वेगळे असतात. पॅपिलरी प्रकारच्या कर्करोगात सापडणारे कॅल्शियमचे सूक्ष्म कण असेच दिसतात. ‘कॅल्सिफिकेशन आहे’ एवढेच लिहिले असेल तर गुण १ धरायचा की ३, हे ठरवता येत नाही. म्हणून ठिपके मोठे आहेत की सूक्ष्म, आणि मागे सावली आहे का, हे दोन प्रश्न आवर्जून विचारावेत.

तपासून पाहा : कॅल्शियमच्या दाट सावलीमुळे गाठीचा आतला भाग दिसतच नसेल, तर ती घट्ट आहे असे धरून घडणीचे २ आणि छटेचा १ गुण देतात. न दिसणाऱ्या गोष्टीला शून्य देऊन बेरीज कमी करणे चूक आहे. अपवाद फक्त कडेचा, ती ठरवता आली नाही तर तिचे ० गुण.

## पायरी ४ : बेरीज करा आणि मगच मापाकडे वळा

शून्य गुण म्हणजे गट १ आणि दोन गुण म्हणजे गट २. या दोन्ही गटांत गाठ कितीही मोठी असली तरी केवळ सोनोग्राफीवरून सुई सुचवली जात नाही. गिळताना अडचण होत असेल किंवा गळ्यावर दाब जाणवत असेल तर तो वेगळा प्रश्न आहे आणि त्याचा विचार स्वतंत्रपणे होतो.

तीन गुण म्हणजे गट ३. येथे सर्वांत मोठे माप २५ मिलिमीटर किंवा अधिक असेल तर सुई, आणि १५ ते २५ च्या दरम्यान असेल तर ठरावीक काळाने पुन्हा सोनोग्राफी. चार ते सहा गुण म्हणजे गट ४. येथे सुई १५ मिलिमीटरपासून आणि नजर ठेवणे १० मिलिमीटरपासून. सात किंवा अधिक गुण म्हणजे गट ५. येथे सुई १० मिलिमीटरपासून, तर ५ मिलिमीटरपासून दरवर्षी सोनोग्राफी.

या मर्यादा कशासाठी, असे अनेक जण कळकळीने विचारतात. गट ५ मधली ६ मिलिमीटरची गाठ आहे तशी ठेवायची हे त्यांना पटत नाही. दक्षिण कोरियात १९९९ नंतर कर्करोग शोधण्याच्या मोहिमेबरोबर लोकांच्या थायरॉईडची सोनोग्राफी सर्रास होऊ लागली. २०११ पर्यंत थायरॉईड कर्करोगाचे निदान १९९३ च्या तुलनेत सुमारे पंधरापट झाले, पण त्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ तितकेच राहिले. म्हणजे सापडलेल्यांपैकी बहुतेक लहान कर्करोगांनी त्या माणसांना कधी त्रास दिला नसता, आणि ऑपरेशनचे परिणाम, आयुष्यभराच्या गोळ्या मात्र त्यांच्या वाट्याला आल्या. मापाची मर्यादा हे नुकसान टाळण्यासाठी आहे.

## पायरी ५ : एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवू

समजा, शेहेचाळीस वर्षांच्या एका बाईंच्या रिपोर्टमध्ये तीन गाठी आहेत. टीएसएच नॉर्मल आहे आणि कुटुंबात थायरॉईडचा कर्करोग कोणाला झालेला नाही.

डाव्या लोबमधली गाठ ३१ × २२ × १७ मिलिमीटरची आणि स्पंजासारखी आहे. घरच्यांचे सगळे लक्ष हिच्याकडे, कारण गिळताना ती गळ्यावर हलताना दिसते. स्पंजासारख्या घडणीला ० गुण आणि पुढची मोजणी थांबते. गट १, सुई नाही.

उजव्या लोबच्या मध्यभागी असलेली गाठ १८ मिलिमीटर लांब, १३ रुंद आणि १२ खोल आहे. ती घट्ट, हायपोएकोइक, गुळगुळीत कडेची आणि ठिपके नसलेली आहे. घडणीचे २, छटेचे २. रुंदी खोलीपेक्षा जास्त म्हणून आकाराचे ०, कडेचे ०, ठिपक्यांचे ०. बेरीज ४, म्हणजे गट ४. माप १५ च्या वर असल्याने या गाठीला सुई सुचवली जाईल.

उजव्या लोबच्या खालच्या टोकाची गाठ ७ मिलिमीटर लांब, ५ रुंद आणि ६ खोल आहे. तीही घट्ट, हायपोएकोइक, गुळगुळीत आणि ठिपक्यांविना. घडणीचे २, छटेचे २ आणि खोली रुंदीपेक्षा जास्त म्हणून आकाराचे ३. बेरीज ७, गट ५. गुण सर्वाधिक असले तरी माप १० च्या आत असल्याने नेहमीचा सल्ला दरवर्षी सोनोग्राफीचा राहील. ही गाठ श्वासनलिकेला किंवा स्वरयंत्राकडे जाणाऱ्या नसेच्या वाटेला चिकटून असेल तर मात्र डॉक्टर लवकर सुईचा विचार करू शकतात. येथे रुंदी आणि खोली यांत केवळ एका मिलिमीटरचा फरक आहे, त्यामुळे तेच माप पुन्हा एकदा घेऊन खात्री करून घेणे रास्त ठरते.

सर्वांत मोठी गाठ सोडून दिली, सर्वांत जास्त गुणांची गाठ थांबवून ठेवली, आणि सुई मधल्या गाठीत गेली. गुण आणि माप एकत्र वाचायचे म्हणजे काय, ते यावरून दिसते.

आता याच १८ मिलिमीटरच्या गाठीची छटा दुसऱ्या डॉक्टरांना शेजारच्या थायरॉईडइतकीच वाटली असे धरा. छटेचा गुण १ होतो, बेरीज ३, गट ३, आणि त्या गटात सुई २५ मिलिमीटरपासून. म्हणजे एका शब्दाने सल्ला सुईवरून नुसत्या देखरेखीवर आला. अनुभवी डॉक्टरांतही असा मतभेद होतो आणि तो निष्काळजीपणा नसतो. म्हणून दोन रिपोर्ट जुळत नसतील तर तिसऱ्या ठिकाणी नवी सोनोग्राफी करण्यापेक्षा दोन्हींची चित्रे एकाच जाणकाराला एका बैठकीत दाखवणे अधिक उपयोगाचे ठरते.

## पायरी ६ : गुणांच्या बाहेरच्या गोष्टी

गुणांची बेरीज कमी असली तरी काही गोष्टी निर्णय बदलू शकतात. सर्वांत महत्त्वाची म्हणजे मानेतली संशयास्पद लसिका ग्रंथी. निरोगी ग्रंथी लांबट असते आणि तिच्या मध्यभागी चरबीची उजळ रेघ दिसते. ती गोल झाली असेल, मधली रेघ नाहीशी झाली असेल, आत पाण्याची पोकळी किंवा चमकदार ठिपके दिसत असतील, तर सुई त्या ग्रंथीतही घातली जाते. तेव्हा सुईतून निघालेल्या द्रवातले थायरोग्लोब्युलिन, म्हणजे थायरॉईडच्या पेशी तयार करतात ते प्रथिन, मोजून घेण्याचीही पद्धत आहे. दुसऱ्या आजारासाठी केलेल्या पेट स्कॅनमध्ये थायरॉईडमधली एकच जागा चमकली असेल, तर तेही डॉक्टरांना सांगावे. अशी गाठ एक सेंटिमीटर किंवा मोठी असेल तर बहुधा सुई सुचवली जाते.

सावधान : बसलेला आवाज किंवा वेगाने वाढणारी गाठ यांसाठी गुणांची वाट पाहू नये, थेट डॉक्टरांना भेटावे.

## पायरी ७ : सुईच्या दिवशी

अनेक गाठी असतील तर सर्वांत जास्त गुणांच्या आणि मापाची अट पूर्ण करणाऱ्या, जास्तीत जास्त दोन गाठींतच सुई घालावी, असा या पद्धतीचा सल्ला आहे. म्हणून जाण्यापूर्वी ‘आज कोणत्या गाठीची तपासणी होणार’ हे विचारून, रिपोर्टमधल्या त्या गाठीवर खूण करून घ्यावी. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगावे, स्वतःहून ती बंद करू नये.

सुई बारीक असते, साधारण २५ ते २७ गेजची, म्हणजे रक्त काढण्याच्या नेहमीच्या सुईपेक्षाही पातळ. एकाच गाठीत ती दोन-तीन वेळा घातली जाते. तपासणी सोनोग्राफीच्या मार्गदर्शनाखाली करून घ्यावी, विशेषतः गाठ हाताला लागत नसेल किंवा मिश्र असेल तेव्हा. मिश्र गाठीत सुई घट्ट भागात गेली पाहिजे. नुसते पाणी काढून पाठवले तर पेशीच कमी मिळतात, आणि ‘पाणी काढले, गाठ बसली’ या समाधानात खरी तपासणी राहून जाते. सुई आत असताना बोलू किंवा गिळू नये. नंतर पाच-दहा मिनिटे जागा दाबून धरावी.

‘सुई टोचली की गाठ चिघळते, रोग पसरतो’ ही भीती मी जवळजवळ प्रत्येक घरात ऐकतो. थायरॉईडच्या बाबतीत सुईच्या वाटेने कर्करोग पसरणे अत्यंत दुर्मिळ आहे. या भीतीपोटी गरज असलेली तपासणी टाळण्याचा धोका त्याहून कितीतरी मोठा आहे.

## पायरी ८ : पेशींचा रिपोर्ट वाचताना

हा रिपोर्ट बेथेस्डा पद्धतीने सहा वर्गांत येतो, आणि येथेही आकडा म्हणजे कर्करोगाचा टप्पा नव्हे. पहिला वर्ग म्हणजे पुरेशा पेशी मिळाल्या नाहीत. याला ‘काही सापडले नाही’ असे समजणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. साधारणपणे किमान सहा पुंजके आणि प्रत्येकात किमान दहा पेशी लागतात. त्या नसतील तर सोनोग्राफीच्या मार्गदर्शनाखाली पुन्हा सुई घालावी लागते. दुसरा वर्ग निर्धोक, पाचवा कर्करोगाच्या दाट संशयाचा आणि सहावा कर्करोगाचा.

तिसरा आणि चौथा वर्ग अनिश्चित असतात. फॉलिक्युलर प्रकारात गाठ आवरण फोडून बाहेर किंवा रक्तवाहिन्यांत शिरली आहे का यावरच कर्करोग ठरतो, आणि सुट्या काढलेल्या पेशींत हे दिसतच नाही. म्हणून अशा वेळी पुन्हा सुई, जनुकीय चाचणी किंवा थायरॉईडचा अर्धा भाग काढून तपासणे असे पर्याय समोर ठेवले जातात, आणि निवड करताना सोनोग्राफीतले गुण पुन्हा विचारात घेतात.

तपासून पाहा : पेशींचा रिपोर्ट निर्धोक आला पण सोनोग्राफीतला गट ५ होता, तर दोन्हींचा मेळ बसत नाही. सुई नेमकी गाठीत गेली नसावी, अशी शक्यता धरून वर्षभराच्या आत सोनोग्राफी आणि सुई पुन्हा करण्याचा सल्ला दिला जातो.

## पायरी ९ : नजर ठेवायची ठरली तर

गट ३ साठी पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या वर्षी, गट ४ साठी पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या आणि पाचव्या वर्षी, आणि गट ५ साठी पाच वर्षे दरवर्षी सोनोग्राफी करतात. दर तीन महिन्यांनी करून काही हाती लागत नाही, उलट मोजण्यातल्या बारीक फरकांनी काळजीच वाढते. किमान दोन मापांत २० टक्के आणि प्रत्येकी किमान २ मिलिमीटर वाढ, किंवा आकारमानात ५० टक्के वाढ झाली तरच तिला खरी वाढ म्हणतात. मागच्या वर्षी १२ × ९ × ८ असलेली गाठ यंदा १३ × ९ × ८ भरली तर ती वाढलेली नाही. शक्यतो त्याच केंद्रात जावे, मागची चित्रे सोबत न्यावीत, आणि तपासणी सुरू होण्यापूर्वीच मागची तिन्ही मापे डॉक्टरांच्या समोर ठेवावीत.